डॉलर चढला त्या रमजानात

लतीफच्या दुकानासमोर खजुराची खोकी उतरली की मोहल्ल्यात रमजान आल्यासारखं वाटे. हिंगोलीच्या बाजारात त्याचं किराण्याचं दुकान होतं, त्याच्या बापाच्या वेळचं. बाकी अकरा महिने तो साखर, चहापत्ती, डाळी विकायचा. पण रमजान लागायच्या आधी दर्शनी भागातली पोती मागं जायची आणि तिथं खजूर मांडला जायचा. मशिदीत रोज संध्याकाळी रोजा सोडायला जो खजूर लागे, तो लतीफच्याच दुकानातून जाई. त्यात कधी भाव विचारला गेला नव्हता आणि कधी जास्तीचा लावलाही गेला नव्हता.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतली. हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती, परभणीतच होती.

दिवाळीच्या सुमाराला लतीफनं नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून खजुराची काही खोकी आणून ठेवली होती. दहा किलोचं खोकं दोनशे वीसला पडलं. गाडीभाडं, हमाली, थोडी तूटफूट धरून त्यानं किलोला सव्वीस रुपये भाव काढला. रमजान तोंडावर आला तेव्हा दुसरी खेप मागवायला त्यानं एसटीडी बूथवरून फोन केला, तर नांदेडचा शेठ म्हणाला, "आता अडीचशे."

"काहून?"

"डॉलर चढला."

"शेठ, मी खजूर मागून राहिलो, डॉलर न्हाई."

"तेच सांगतो. डॉलर चढला म्हणून खजूर चढला. घ्यायचा तर घ्या, न्हाईतर उद्या दोनशे साठ म्हणेन."

लतीफला हे कारण खोटं वाटलं. सणाच्या तोंडावर व्यापारी असं काहीबाही सांगतात, हे त्याला चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून ठाऊक झालं होतं. पण रमजानात खजुराशिवाय दुकान उघडणं त्याला जमणारं नव्हतं. माल आला. त्यानं पाटीवरचा सव्वीसचा आकडा पुसला आणि तीस लिहिला. दिवाळीची काही खोकी अजून शिल्लक होती. तीही त्याच पाटीखाली गेली. दुकानात एका मालाला दोन भाव ठेवायची त्याच्याकडे कधीच पद्धत नव्हती.

पहिल्या जुम्म्याला दुपारी मुजाहिद आला. मुजाहिद शिंपी, लतीफचा लहानपणचा दोस्त. त्याचं दुकान चार पावलांवर. मशिदीच्या इफ्तारीचा कारभार त्याच्याकडे होता. वर्गणी गोळा करायची, फळं, भजी, सरबत बघायचं, सगळं तोच करी. त्यानं पाटी पाहिली आणि तो थांबला.

"लतीफभाई, हे तीस कवापासून?"

"नवा माल आलाय. वरूनच महाग झालं."

"वरून म्हणजे?"

लतीफ जरा अडखळला. "डॉलर वाढला म्हणतात."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक जण हसला. मुजाहिद मात्र हसला नाही.

"खजूर इराणातून येतो ना? तिथं पूर आला? झाडं जळाली? आगबोट बुडाली?"

"तसं काई न्हाई."

"मग खजूर तोच, झाड तेच, खाणारा तोच. मधी डॉलर कुठून आला? हिंगोलीत कोणी डॉलर पायलाय का? तू पायला?"

"न्हाई."

"मग जे तू पायलं न्हाई त्याच्या नावानं रोजेदाराकडून चार रुपये जास्त घेतो?"

मुजाहिद खजूर न घेता गेला. नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, चार लोकांत, त्यानं सांगितलं की यंदा इफ्तारीचा खजूर परभणीहून मागवू; लतीफभाईला रमजानातही धंदा सुचतो, तर त्यांचा धंदा त्यांना लखलाभ. लतीफ तिथंच चप्पल घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी त्यानं मिठाच्या खड्यावर रोजा सोडला. बायको अमिनाबीनं ताटलीत खजूर ठेवला होता. त्यानं ताटली बाजूला सरकवली.

"खरंच डॉलरनं वाढला का?" तिनं विचारलं.

"मला ठाऊक न्हाई," लतीफ म्हणाला. "मी काय सांगू लोकाला? शेठनं सांगितलं, मी तेच सांगितलं. पोपटासारखं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात गेला. तिथं शिवहारअप्पांची अडत होती. हळदीची. आसपासच्या गावांतली हळद त्यांच्याकडे यायची आणि ते ती मुंबईच्या एका निर्यातदाराला पाठवायचे; तिथून ती दुबईला जायची. अप्पा लतीफपेक्षा दहा वर्षांनी मोठे, कपाळावर भस्म, कमी बोलणारे. त्यांच्या घरचा किराणा लतीफकडूनच जायचा. डॉलर हा शब्द ज्यांच्या तोंडी सहज यायचा असा हिंगोलीतला एकच माणूस लतीफला ठाऊक होता, तो हा.

हळदीचा हंगाम अजून लागायचा होता. अडतीत जुन्या मालाची थोडी पोती होती. अप्पा गादीवर बसून पेपर वाचत होते.

"अप्पा, एक विचारू? डॉलर चढला म्हणजे काय झालं?"

अप्पांनी पेपर खाली ठेवला. लतीफनं सगळं सांगितलं, मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत.

"बसा," अप्पा म्हणाले. "तुमचा खजूर इराणचा. पण विकणारा दुबईत बसलाय. त्याला आपला रुपया चालत न्हाई. त्याला त्याचा माल डॉलरमधी विकायचाय. समजा एक खोकं पाच डॉलरला. पाचाचे त्यानं सव्वापाच केले न्हाईत. त्याच्या लेखी खजूर महाग झालेलाच न्हाई."

"मग?"

"मुंबईचा जो आणणारा आहे, त्याला ते पाच डॉलर बँकेतून विकत घ्यावे लागतात. रुपये देऊन. डॉलर हीसुद्धा एक विकायची चीजच समजा, हळदीसारखी. भादव्यात एक डॉलर छत्तीस रुपयाला मिळत व्हता. पाच डॉलरला एकशे ऐंशी. आज तो चाळीसच्या उंबऱ्यावर हाय. पाच डॉलरला दोनशे. खोकं तेच, आन् बंदरातच वीस रुपये जास्त. वरून सरकारची आयात ड्युटी. ती टक्क्यात असते, म्हणून किंमत वाढली की तीही वाढते."

लतीफनं मान हलवली. हे त्याला समजलं. एखादा माल गावातून शहरात आणताना जसं भाडं लागतं, तसं हे काहीतरी होतं.

"पण डॉलरचा भाव काहून वाढावा? तो काय पिकतो का कमी-जास्त?"

"पिकतोच म्हणा. आपल्या देशात डॉलर येतो तो तिघांकडून. आमच्यासारखे जे माल बाहेर पाठवतात त्यांचा. गल्फमधी गेलेली पोरं घरी पाठवतात त्यांचा. आन् बाहेरचे लोक इथं पैसा लावतात त्यांचा. जातो तो बाहेरून माल आणायला. तेल, खत, मशीन, तुमचा खजूर. आवक कमी अन् घेणारे जास्त झाले की भाव चढतो. मोंढ्यात जे व्हते तेच."

"मग आवक कमी काहून झाली?"

"आखाडात तिकडं थायलंडचं चलन पडलं. मग मलेशिया, इंडोनेशिया, कोरिया. एकामागून एक. त्या देशांत ज्यांनी पैसा लावला व्हता ते घाबरले. घाबरलेला माणूस शेजारचं घरही बघतो, की तिथं आग लागली का. आपल्याकडं आग न्हाई लागली. पण बाहेरचा नवा पैसा येणं ढिलं पडलं. मग ज्यांना डॉलर पुढच्या महिन्यात लागणार व्हते, ते म्हणाले आजच घेऊन ठेवू, उद्या महाग व्हईल. आन् ज्यांच्याकडे डॉलर व्हते ते म्हणाले आज विकायला नको, उद्या जास्त मिळतील. घेणारे घाईवर, विकणारे दमावर. मग चढणारच."

"ज्यांच्याकडे होते ते म्हणजे कोण?"

अप्पांनी लतीफकडे पाहिलं. ही गोष्ट ते टाळू शकले असते.

"आमी," ते म्हणाले. "माझी हळद दसऱ्याच्या आधी दुबईला गेली. तिचे डॉलर तिथंच पडून हायेत. आमचा ठराव असा हाय की डॉलर ज्या भावात वटेल त्या भावानं मला रुपये मिळणार. मुंबईवाला म्हणतो, थांबू, बेचाळीस व्हईल. मीही व्हय म्हणालो."

बाहेर हमाल पोती टाकत होते.

"म्हणजे तुमच्या हळदीचे डॉलर तिकडं अडकले म्हणून माझा खजूर महाग झाला?"

"एकट्या माझ्यानं न्हाई झाला. माझे डॉलर समुद्रात चिमूटभर मीठ. पण माझ्यासारखे हजारो हायेत. खोटं कशाला बोलू?"

लतीफला राग यायला हवा होता, पण आला नाही. डॉलरच्या या भानगडीत त्याच्याशी खरं बोललेला हा पहिला माणूस होता. त्यानं मनात हिशोब केला आणि म्हणाला: "अप्पा, छत्तीसाचे चाळीस म्हणजे नवातला एक भाग वाढला. दोनशे वीसचं खोकं दोनशे पंचेचाळीसच्या आत यायला पायजे. शेठनं अडीचशे घेतले."

"वरचे पाच-सहा रुपये डॉलरचे न्हाईत. ते भीतीचे. पुढचा माल कोणत्या भावात पडंल हे शेठला ठाऊक न्हाई, म्हणून तो आधीच लावून ठेवतो. शिवाय रमजान. गरज हाय हे त्याला दिसतं."

लतीफ उठला. दाराशी जाऊन तो वळला. "अजून चढंल का?"

"सगळे म्हणतात चढंल. मला ठाऊक न्हाई. उद्याचा भाव कळला असता तर मी अडतीत बसलो नसतो."

*

दुकानात आल्यावर लतीफनं स्वतःचाच हिशोब पुन्हा केला. खोक्याला तीस वाढले, म्हणजे किलोला तीन. त्यानं चार वाढवले होते, आकडा सोपा म्हणून. त्यानं पाटी पुसून एकोणतीस लिहिलं. मग तो मुजाहिदच्या दुकानात गेला.

ईदचे कपडे शिवायचे दिवस. मुजाहिदची मशीन थांबत नव्हती. लतीफ उभ्या-उभ्याच बोलला. दुबईचा विकणारा, पाच डॉलर, एकशे ऐंशी आणि दोनशे, थायलंड, थांबून बसलेले व्यापारी. अप्पांचं नाव त्यानं घेतलं नाही. मुजाहिदनं मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"हे समजलं," तो शेवटी म्हणाला. "काल हे सांगितलं असतं तर मी पायरीवर बोललो नसतो. पण एक सांग. दिवाळीत आणलेली खोकी तर छत्तीसच्या डॉलरची हायेत. त्याला एकोणतीस काहून?"

"ती विकून तेवढ्याच पैशात मला तेवढी खोकी पुन्हा मिळत न्हाईत, मुजाहिद. सव्वीसनं विकली तर दहा खोक्याच्या जागी नऊच येतील. दुकान असंच रिकामं व्हते."

"बरं. म्हणजे भाव आजचा, माल कवाचाही असो."

"व्हय."

"मग उद्या डॉलर उतरला, आन् तुझ्याकडं महागाचा माल असला, तवा?"

आपला बाप अशा वेळी काय करायचा, ते लतीफला आठवेना.

"तवाही भाव त्या दिवसाचाच लावीन," तो म्हणाला.

"असं कोणता दुकानदार करतो?" मुजाहिदनं पायडल दाबलं. "चढताना नव्या भावानं, उतरताना जुन्या भावानं. मी आजवर हेच पायलंय. उतरल्यावर बघू."

परभणीचा खजूर मशिदीत येऊन पडला होता. तो परत पाठवायचं मुजाहिद काही बोलला नाही. लतीफनंही विचारलं नाही.

*

आता जे झालं ते लतीफच्या हातून झालं, आणि ते अज्ञानातून नाही तर समजल्यामुळं झालं. रोज सकाळी तो चहाच्या टपरीवर जाऊन पेपरात डॉलर बघू लागला. रोजा असल्यानं चहा घ्यायचा नाही, नुसता उभ्या-उभ्या पेपर चाळायचा. डॉलर चाळीसच्या पुढं गेला. अर्धा रमजान अजून बाकी होता आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात खजूर सगळ्यात जास्त खपतो. नांदेडला फोन केला तर शेठ म्हणाला दोनशे पासष्ट, आणि पुढल्या आठवड्यात तीनशे.

लतीफच्या डोक्यात अप्पांचं बोलणं फिरत होतं. ज्यांना पुढं लागणार ते आजच घेऊन ठेवतात. त्याला वाटलं, हे तर आपल्यालाही लागू आहे. आज उचलला तर ईदला तीनशेचा माल आणावा लागणार नाही. लोकांना पस्तीस सांगायची वेळ येणार नाही. हा विचार त्याला चांगुलपणाचाही वाटला आणि फायद्याचाही. दोन्हींतला कोणता मोठा होता, हे त्याला नंतरही नक्की सांगता आलं नाही.

अमिनाबीकडे भिशीचे पैसे होते. पुढच्या खोलीवरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा, असं दोन वर्षांपासून ठरत होतं.

"अप्पांनी सांगितलं का घ्यायला?" तिनं विचारलं.

"न्हाई. त्यांनी तर ठाऊक न्हाई म्हणलं."

"ज्याला कळतं तो ठाऊक न्हाई म्हणतो, आन् तुमी पैसे मागून राहिलात."

"सगळे म्हणून राहिलेत चढंल."

तिनं पेटी उघडून पैसे दिले. अमिनाबी हो म्हणाली की मागून टोचायची नाही. तिचा स्वभाव तसा होता. चाळीस खोकी आली. दुकानात जागा नव्हती म्हणून अर्धी घरात, पुढच्या खोलीत पत्र्याखालीच रचली.

जुम्मा झाला, शनिवार-रविवार गेले. मंगळवारी सकाळी शिवहारअप्पा स्वतः दुकानात आले. ते सहसा दुकानात येत नसत, चिठ्ठी पाठवत. त्यांच्या हातात पेपर होता.

"लतीफभाई, रिझर्व्ह बँकेनं व्याज वाढवलं. बँकांनी त्यांच्याकडं ठेवायची रक्कमसुद्धा वाढवली."

"त्यानं काय व्हते?"

"रुपया महाग झाला. कर्जानं घ्यायला म्हणतो मी. आमचा मुंबईवाला डॉलर तिकडं ठेवून इथं बँकेच्या रुपयांवर धंदा चालवत व्हता. आता त्या रुपयांवर व्याज जड झालं. थांबणं परवडंना. त्यानं डॉलर आणून विकले. त्यानं विकले तसे सगळ्यांनीच विकायला काढले. आन् ज्यांनी उसन्या रुपयांवर डॉलर घेऊन ठेवले व्हते, त्यांनीही सोडले. आवक आली. भाव पडला."

"किती?"

"एकोणचाळीसच्या खाली येऊन राहिला." अप्पा स्टुलावर बसले. "मला बेचाळीस पायजे व्हते. चाळीसला सोडले असते तरी बरं झालं असतं. जाऊ द्या. तुमाला सांगायला आलो, कारण त्या दिवशी तुमी विचारलं व्हतं. आता फार माल घेऊ नका."

लतीफनं आतल्या खोक्यांकडे नुसता हात केला. अप्पांनी पाहिलं. त्यांनी किती आणि केवढ्याला हे विचारलं नाही.

लतीफनं नांदेडला फोन लावला. शेठचा आवाजच बदललेला होता. दोनशे पस्तीस, म्हणाला, आणि पाहिजे तेवढा घ्या. डॉलर दीड रुपयाच उतरला होता, पण भीती पुरती उतरली होती. ज्यांनी ज्यांनी तीनशेच्या आशेनं खोकी दाबली होती, ते सगळे एकदम विकायला निघाले. रमजानचे दहाएक दिवसच उरलेले, आणि ईदनंतर खजूर कोण घेणार?

घरात आणि दुकानात मिळून चाळीसच्या चाळीस खोकी पडून होती. भाड्यासकट किलोला साडेसत्तावीस पडली होती. शेठच्या नव्या भावाचा हिशोब धरला तर विकायलाही किलोला साडेसत्तावीसच लावायला हवे होते. म्हणजे तोलताना जाणारा, वाळणारा, खराब निघणारा खजूर सगळा खिशातून.

त्या दुपारी लतीफ बराच वेळ पाटीसमोर उभा होता. एकोणतीस तसंच ठेवलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. मोहल्ल्यातल्या लोकांना आता एकोणतीसची सवय झाली होती. रिझर्व्ह बँकेचं कुणी त्याला विचारायला येणार नव्हतं. मुजाहिदला मात्र त्यानं शब्द दिला होता, आणि तो देताना कुणी गळ्यावर हात ठेवला नव्हता. जुन्या खोक्यांवरचे जास्तीचे पैसे त्यानं ज्या तोंडानं घेतले होते, त्या तोंडानं आता महागाच्या खोक्यांचं रडगाणं गाता येणार नव्हतं.

त्यानं साडेसत्तावीस लिहिलं.

घरी जाऊन अमिनाबीला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"बराबर केलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "स्लॅब यंदा न्हाई मग."

"न्हाई."

संध्याकाळी असरची नमाज झाल्यावर मुजाहिद दुकानासमोर येऊन उभा राहिला. त्यानं पाटी वाचली. आत पाहिलं. खोक्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिला. शिंपी होता, कापड किती उरलं ते त्याला न मोजता कळे.

"हा माल कितीचा?"

"महागाचा."

"आन् भाव हा?"

"आजचा."

"परभणीचा खजूर संपत आलाय," मुजाहिद म्हणाला. "ईदपर्यंतचा मशिदीचा इथूनच दे." मग त्यानं आवाज खाली आणला. "पायरीवर बोललो ते पायरीवरच परत घेतो. जुम्म्याला."

"त्याची गरज न्हाई."

"तुला न्हाई. मला हाय."

पुढच्या जुम्म्याला तो खरंच बोलला. त्याला सगळं नीट सांगता आलं नाही. थायलंडच्या जागी त्यानं तैवान म्हटलं आणि बँकेच्या व्याजाचं घोळून टाकलं. पण डॉलर चढला तेव्हा लतीफभाईनं भाव चढवला आणि उतरला तेव्हा स्वतःच्या अंगावर घेऊन उतरवला, एवढं त्यानं स्वच्छ सांगितलं. लोकांनी ऐकलं. काहींना पटलं, काही जण म्हणाले, दुकानदार कधी अंगावर घेतो का, आतून काहीतरी असेल. मशिदीचा खजूर गेला, ईदच्या बाजारात बराच गेला, तरीही पंधरा खोकी उरली. सेनगावच्या बाजारात नेऊन लतीफनं ती पडेल भावानं विकली.

त्याच वर्षी उन्हाळा संपता संपता डॉलर पुन्हा चढला. चाळीस झाला, एक्केचाळीस झाला, श्रावणात बेचाळीसच्या पुढं गेला. शिवहारअप्पांची नवी हळद तेव्हा दुबईला पोचली होती. त्यांना या वेळी चांगला भाव मिळाला. एक दिवस ते किराण्याची चिठ्ठी न पाठवता स्वतः आले.

"पायलं का? बेचाळीस झाला," ते म्हणाले. "सगळे म्हणत व्हते ते खोटं नव्हतं. चार-सहा महिने लवकर म्हणाले एवढंच. तुमचा माल थांबला असता तर..."

"हळद थांबते अप्पा. डॉलर थांबतो. खजूर न्हाई थांबत," लतीफ म्हणाला. "चैतात त्यात अळ्या झाल्या असत्या."

अप्पांनी मान हलवली. पावसाची भुरभुर चालू होती. लतीफनं त्यांच्यासाठी साखर तोलली, चहापत्तीचा पुडा काढला, आणि मसाल्याच्या लवंगांचा भाव सांगताना म्हणाला, "लवंग बाहेरून येते, अप्पा. वाढलीय. किती वाढली आन् काहून, ते सांगतो. बसा."